काचेतली भेग कधी थांबते आणि कधी पळते? उर्जेचा हिशोब

मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर आमचं घर आहे. हॉलची खिडकी पश्चिमेकडे. दुपारी तीननंतर ऊन थेट सोफ्यावर येतं, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये आम्ही काचांवर आतून काळी सन-फिल्म लावून घेतली. मे महिन्यात एका दुपारी 'टक्' असा बारीक आवाज झाला. बघितलं तर स्लायडिंगच्या काचेला खालच्या कडेपासून भेग गेलेली. कडेशी अगदी काटकोनात सुरू झालेली, साधारण पाच सेंटिमीटर लांब, आणि तिथेच थांबलेली. कोणी चेंडू मारला नव्हता, कोणी खिडकी आपटली नव्हती.

आई म्हणाली, "थांबलीये ना ती? मग दिवाळीत बदलू. आत्ता चिकटपट्टी लाव."

मी चिकटपट्टी लावली, पण मनातून शंका गेली नाही. आमच्या खिडकीखाली सोसायटीचं कंपाउंड आहे आणि संध्याकाळी पोरं तिथेच क्रिकेट खेळतात. मुळात ही भेग थांबली का, हे कळल्याशिवाय ती थांबलेलीच राहील असं कसं म्हणायचं?

इंजिनीअरिंगला असताना हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता. या वेळी तो घरच्या काचेसाठी परत उघडला. फोनच्या स्क्रीनला तडा गेला की पडणारा प्रश्नही हाच असतो, म्हणून नीट लिहून काढतेय.

भेग म्हणजे एक व्यवहार

काचेवर ताण आला की ती अगदी किंचित ताणली जाते आणि ताणलेल्या रबरासारखी ऊर्जा साठवून ठेवते. रबराचं ताणणं डोळ्यांना दिसतं, काचेचं दिसत नाही, एवढाच फरक. आता या ताणलेल्या काचेत भेग थोडी पुढे गेली, तर भेगेच्या दोन्ही बाजूंचा भाग सैल पडतो. तो आता ताण धरून ठेवू शकत नाही. म्हणजे तिथली साठलेली ऊर्जा मोकळी झाली. ही झाली जमा.

खर्चाची बाजू अशी की भेग पुढे जायची तर काचेतले अणूंचे बंध तुटले पाहिजेत आणि दोन नवे पृष्ठभाग तयार झाले पाहिजेत. त्याला ऊर्जा लागते. भेग जितकी पुढे, तितका खर्च जास्त.

भेग वाढायची की नाही, हे या दोन आकड्यांवर ठरतं. एक पाऊल पुढे टाकल्यावर मोकळी होणारी ऊर्जा त्या पावलाच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर भेग जागेवर राहते. बरोबरीची किंवा जास्त झाली की भेग निघते.

हा विचार ॲलन ग्रिफिथ या इंग्रज इंजिनीअरने १९२१ मध्ये मांडला. तो विमानांच्या संशोधनासाठी फार्नबरोला काम करत होता. त्याने काचेचे पातळ गोळे आणि नळ्या घेतल्या, त्यांच्यावर ठरावीक लांबीच्या भेगा पाडल्या आणि आतून दाब वाढवत त्या फोडल्या. फुटतानाचा ताण गुणिले भेगेच्या लांबीचं वर्गमूळ, हा गुणाकार प्रत्येक वेळी जवळपास सारखाच आला. उर्जेच्या हिशोबातून नेमकं हेच निघत होतं.

'रेट' आहे, पण वेळेचा नाही

भेगेच्या एका पावलामागे किती ऊर्जा मोकळी होते, या आकड्याला 'एनर्जी रिलीज रेट' म्हणतात. मराठीत ऊर्जा-मुक्ती दर. सूत्रात त्याला G लिहितात. ग्रिफिथच्या नावातलंच ते अक्षर. अमेरिकेतल्या जॉर्ज आयर्विनने १९५० च्या दशकात ही राशी पक्की करून वापरात आणली.

इथे भल्याभल्यांची गल्लत होते. 'रेट' म्हटलं की आपल्याला सेकंदाला किती असं वाटतं. इथे वेळेचा काहीच संबंध नाही. भाजीचा दर जसा किलोमागे असतो, तसा हा दर भेगेच्या नव्या क्षेत्रफळामागे असतो. त्याचं माप आहे ज्यूल दर चौरस मीटर. भेग हळू जाते की वेगाने, हा प्रश्न नंतरचा. G फक्त एवढं सांगतो की इतकं क्षेत्रफळ उघडलंस तर इतकी ऊर्जा मिळेल.

आणि खर्च? खिडक्यांना लागते त्या साध्या काचेत भेग सरसर पळायला साधारण ८ ज्यूल दर चौरस मीटर लागतात. आकडा किती लहान आहे ते बघा. ४ मिलिमीटर जाडीच्या काचेत १ सेंटिमीटर लांबीची भेग पाडायला लागणारी ऊर्जा म्हणजे १ ग्रॅम वजनाची वस्तू सव्वातीन सेंटिमीटर उचलण्याइतकी. काच फुटणं इतकं स्वस्त आहे! तरीही काचा वर्षानुवर्षं टिकतात, कारण ऊर्जा काचेत कुठेतरी असून भागत नाही. ती भेगेच्या टोकाशी मोकळी व्हावी लागते.

आमच्या काचेचा हिशोब

कडेपासून आत गेलेल्या भेगेसाठी, आजूबाजूला सगळीकडे सारखा ताण आहे असं धरलं, तर सूत्र असं येतं:

```
G = 3.94 × σ² × a / E
```

यात σ म्हणजे काच ओढणारा ताण, a म्हणजे भेगेची लांबी आणि E म्हणजे काचेचा ताठपणा. काचेसाठी E साधारण ७० गिगापास्कल असतो. G च्या जागी ८ घातले की कोणत्या लांबीची भेग किती ताणाला पळेल ते काढता येतं.

पहिली गोष्ट लक्षात घ्या: ताणाचा वर्ग आहे, लांबीचा नाही. ताण दुप्पट झाला तर G चौपट होतो. लांबी चौपट झाली तर पळायला लागणारा ताण निम्मा होतो.

दुसरी गोष्ट: लांबी वरच्या बाजूला आहे. ताण तसाच राहिला तर भेग जितकी लांब, तितका पुढच्या पावलाचा नफा मोठा. खर्च मात्र पावलामागे तेवढाच राहतो. म्हणून काचेवर सारखा ओढ असेल आणि भेग एकदा निघाली, तर ती आपणहून थांबत नाही. प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा फायद्याचं ठरतं.

आता आकडे. काचेच्या कडेला ०.१ मिलिमीटरचा ओरखडा असेल, तर तो पळायला साधारण ३८ मेगापास्कल ताण लागतो. १ मिलिमीटरचा टवका असेल तर १२ मेगापास्कल पुरतात. आणि पाच सेंटिमीटरची भेग असेल तर फक्त १.७.

आमच्या काचेवर हा ताण आला कुठून? उन्हातून. काळी फिल्म उष्णता शोषते, त्यामुळे काचेचा मधला भाग चांगलाच तापतो. कड मात्र ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये, रबराच्या आड, सावलीत असते. मधला भाग फुगू बघतो, थंड कड त्याला अडवते आणि त्या ओढाताणीत कडेवर ताण येतो. साध्या काचेत एका अंशाच्या फरकाला जास्तीत जास्त ०.६३ मेगापास्कल ताण येतो. म्हणजे १ मिलिमीटरच्या टवक्यातून भेग निघायला १९ अंशांचा फरक पुरे. कड स्वच्छ असती, ०.१ मिलिमीटरचाच ओरखडा असता, तर ६० अंशांचा फरक लागला असता आणि तो आमच्या हॉलमध्ये कधीच झाला नसता.

पुढे काच काढल्यावर हे खरं निघालं. भेग जिथून सुरू झाली होती, नेमक्या तिथे कडेला टवका उडालेला होता. रबराच्या आत असल्यामुळे इतकी वर्षं कुणाला दिसला नव्हता. भेग कडेशी काटकोनात निघणं ही उष्णतेने गेलेल्या तड्याची ओळख. दगड किंवा चेंडू लागला तर माराच्या जागेपासून चहूकडे फाटे फुटतात.

मग ती थांबली का?

वर म्हटलं की सारख्या ताणात भेग थांबत नाही. आमची थांबली, याचा अर्थ ताण सारखा नव्हता.

बांबू चिरताना कधी बघितलंय का? कोयता आत घुसला की भेग त्याच्या थोडी पुढे जाते आणि थांबते. कोयता आणखी सारला की आणखी थोडी जाते. इथे बांबूच्या दोन फाकी कोयत्याच्या जाडीएवढ्याच उघडल्या जातात. भेग लांबली की तेवढ्याच उघडण्यासाठी फाकींना कमी वाकावं लागतं, म्हणजे पुढच्या पावलाला मोकळी होणारी ऊर्जा घटत जाते. ती खर्चाच्या खाली गेली की भेग थांबते. हेच जर फाकीला वजन टांगून ओढलं असतं, तर वजन भेगेच्या मागे लागलं असतं आणि बांबू टोकापर्यंत गेला असता.

उन्हाचा ताण बराचसा कोयत्यासारखा वागतो. ओढ फक्त कडेजवळच्या पट्ट्यात असते. आतला तापलेला भाग उलट दाबाखाली असतो. भेग ओढीच्या पट्ट्यातून निघाली, आत शिरली, आणि जितकी आत गेली तितकी तिला मिळणारी ऊर्जा कमी झाली. शिवाय भेग उघडल्यामुळे कडेचा ताणही सैल पडला. पाच सेंटिमीटरवर G ८ च्या खाली गेला आणि व्यवहार तिथे थांबला.

म्हणजे आईचं निरीक्षण बरोबर होतं, भेग थांबली होती. पण ती त्या दिवसाच्या त्या ताणापुरती. काच दुरुस्त झाली नव्हती. आता त्याच काचेत पाच सेंटिमीटरची भेग तयार होती, आणि तिला वाऱ्याने किंवा फ्रेमच्या चिमट्याने टोकाशी सारखी १.७ मेगापास्कल ओढ बसली असती तरी पुरलं असतं. पहिल्यांदा निघायला १२ लागले होते.

पावसाने हिशोब बदलला

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एक साधी गोष्ट केली. भेगेच्या टोकाशी बारीक मार्करने आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख लिहिली. दर रविवारी फोनने त्याच जागेवरून फोटो. टोक समोरून दिसत नाही, म्हणून दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने तिरका धरायचा. भेगेचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो आणि चमक संपते तिथे दिसणारं टोक. खरं टोक त्याच्याही किंचित पुढे असतं, कारण अगदी शेवटी भेग इतकी अरुंद असते की प्रकाशालाही ती कळत नाही.

पहिले दोन रविवार काहीच नाही. मग पाऊस लागला. जुलैच्या शेवटी भेग माझ्या पहिल्या रेघेच्या ११ मिलिमीटर पुढे होती. या दिवसांत ऊन जवळपास नव्हतंच. मग ऊर्जा वाढली कुठून?

वाढली नव्हती, खर्च कमी झाला होता. पाण्याचे रेणू भेगेतून टोकापर्यंत पोचतात आणि तिथल्या ताणलेल्या बंधांशी रासायनिक क्रिया करून ते तोडायला मदत करतात. अमेरिकन संशोधक वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये साध्या काचेवर हे मोजून दाखवलं: हवेत ओलावा जितका जास्त, तितकी भेग त्याच ताणाला जास्त वेगाने सरकते. ८ ज्यूलचा आकडा भेग सरसर पळण्याचा. दमट हवेत, त्याच्या बऱ्याच खाली, १ ज्यूलच्या थोडं वर गेलं की भेग मुंगीच्या पावलांनी सरकायला लागते. पाच सेंटिमीटरच्या भेगेला तेवढ्यासाठी ०.६ मेगापास्कलच्या आसपास ताण पुरतो. फ्रेमचं घट्ट बसलेलं रबर, वाऱ्याचा झोत, रोजची उघडझाप, यातून तो सहज येतो.

आणि यातला खरा धोका पुढे आहे. मुंगीच्या पावलांनी का होईना, भेग लांब होते. लांब झाली की पळायला लागणारा ताण आणखी कमी होतो. मग एखाद्या रात्री वाऱ्याचा मोठा झोत येतो आणि G ८ च्या वर जातो. तेव्हा 'टक्' होऊन थांबणार नाही.

मी आईला फोटो दाखवले, ओळीने आठ रविवार. ती म्हणाली, "अगंबाई, ही चालतेय की!" दुसऱ्या दिवशी काचवाल्या काकांना फोन केला.

चिकटपट्टी, गोंद आणि भोक

काका येईपर्यंत शेजाऱ्यांनी तीन उपाय सुचवले होते. तिन्ही याच हिशोबात तपासता येतात.

चिकटपट्टी काचेपेक्षा इतकी लवचिक असते की ती ताण जवळपास वाटूनच घेत नाही. म्हणजे G तसाच राहतो आणि भेग वाढायची ती वाढते. पण फुटलीच तर तुकडे धरून ठेवायला तिची मदत होते, म्हणून काच बदलेपर्यंत ती असावी.

झटपट चिकटणारा गोंद भेगेत टोकापर्यंत गेला आणि दोन्ही बाजू घट्ट धरल्या, तर टोकाशी पोचणारी ऊर्जा खरंच कमी होते. गाडीच्या पुढच्या काचेतला छोटा टवका याच तत्त्वावर रेझिन भरून सांभाळतात, हवा आणि ओलावा आधी बाहेर काढून. आमच्या भेगेत पावसाचं पाणी आणि धूळ आधीच गेली होती. वरवर फासलेला गोंद फक्त तोंडाशी बसला असता.

भेगेच्या टोकाला भोक पाडायचा उपाय धातूच्या पत्र्याला लागू पडतो, कारण टोक बोथट होतं. काचेत भोक पाडताना त्याच्या कडेला नवे टवके उडतात आणि त्यातला प्रत्येक टवका नवी भेग असतो.

काकांनी मात्र हाच हिशोब उलटा वापरून दाखवला. नव्या काचेवर त्यांनी हिरकणीने एक रेघ ओढली. काच कापली अजिबात गेली नव्हती, फक्त एक उथळ भेग तयार झाली होती, त्यांना हवी तिथे. मग रेघ टेबलाच्या कडेवर ठेवून हलका दाब दिला आणि काच सरळ तुटली. ताण रेघेच्या बाजूला ओढ देईल असा आणि सगळीकडे सारखा, म्हणून भेग एकदा निघाली ती टोकापर्यंत गेली. "रेघ मारली की लगेच तोडायची," ते म्हणाले. "ठेवून दिली की मग नीट तुटत नाही." नंतर त्यांनी चारही कडा घासून घेतल्या. मी सांगायच्या आधीच.

फोनची काच वेगळी का वागते?

फोनच्या पुढच्या काचेला कारखान्यात पोटॅशियमच्या गरम क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे लहान अणू बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे अणू घुसतात. त्यामुळे वरचा अगदी पातळ थर कायमचा दाबाखाली राहतो. दाबाखालची भेग उघडतच नाही आणि न उघडणारी भेग ऊर्जा मोकळी करत नाही. म्हणून या थरात असलेले ओरखडे दिसतात, पण वाढत नाहीत.

मात्र वरचा थर दाबाखाली ठेवायचा तर आतला भाग ओढीखाली असावाच लागतो. फोन खडीवर पडला, एखादा टोकदार कण थर भेदून आत गेला, की भेगेला आत ती ओढ तयार मिळते. ती मग बाहेरून कुणी जोर न लावता पसरत जाते. म्हणून बारीक ओरखडा असेल तर निवांत राहा, पण कडेपासून निघालेली, नखाला लागणारी भेग असेल तर ती थांबलीये असं गृहीत धरू नका. खिडकीसारखीच खूण करा, तारीख लिहा, आठवड्याने बघा.

आणि खिडकीला फिल्म लावायचीच असेल, तर आधी रबर थोडं सरकवून कड बघून घ्या. १ मिलिमीटरचा टवका दिसला, तर आधी काच बदला आणि मगच फिल्म लावा. आमची नवी काच तशीच बसवली. जुनी काच काकांनी काढली तेव्हा हातात धरताच भेग उरलेली सगळी काच चिरत वरच्या कडेपर्यंत गेली. दोन तुकडे घरातच, जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर पडले. खाली पोरांची मॅच चालू होती.